पर्समध्ये बाटली उभी का राहत नाही

मोबाइलच्या पडद्यावरची पर्स नेहमी पोट भरलेली दिसते. आत कागदाचे बोळे कोंबलेले असतात, पट्टा कुणीतरी वरून धरल्यासारखा ताठ उभा असतो आणि शेजारी आकार कळावा अशी एकही वस्तू नसते. खाली मजकूर असतो: ‘३६ × २७ × १० सेंमी. पाच कप्पे. स्ट्रॅप ड्रॉप २८ सेंमी. रोजचं सगळं सामान आरामात मावतं.’

चार दिवसांनी तीच पर्स घरी येते, पापडासारखी चपटी होऊन. ठाण्याहून रोज फोर्टला नोकरीला जाणाऱ्या एखाद्या बाईंचं उदाहरण घेऊ. त्या जुनी पर्स पलंगावर उपडी करतात आणि एकेक वस्तू नव्या पर्समध्ये भरायला लागतात. डबा जातो, पण उभा. बाटली जाते, पण तिरकी, आणि ती तिरकी झाली की छत्रीची जागा गेली. ऑफिसची फाइल घालताना चेन अर्ध्यावर अडते. चश्म्याचं घर, मोबाइल, चार्जर, पाकीट आणि किल्ल्या अजून पलंगावरच असतात.

मग टेप काढून मोजमाप होतं, आणि गंमत म्हणजे विक्रेत्याचे तिन्ही आकडे बरोबर निघतात. रुंदी ३६ आहे, उंची २७ आहे, तळाची खोली १० आहे. खोटं काहीच नाही. फक्त हे तीन आकडे पर्सच्या एकाच जागी नाहीत. त्यामुळे तिन्हींचा मिळून खोका डोळ्यांसमोर आणला की फसगत ठरलेली.

हे कसं होतं ते शिवणयंत्राशी बसलेल्या बाईला एका मिनिटात समजतं. साधी टोट बॅग शिवताना आधी दोन चौकोनी तुकडे समोरासमोर ठेवून तीन बाजूंनी शिवतात. या टप्प्यावर हातात असतो तो अक्षरशः उशीचा अभ्रा: समजा ३६ सेंमी रुंद आणि ३२ उंच, आणि खोली शून्य. त्याला बूड द्यायचं तर खालचा एकेक कोपरा चिमटीत धरून त्रिकोण करायचा, त्या त्रिकोणावर आडवी १० सेंमीची शिवण मारायची आणि उरलेलं टोक कापून टाकायचं. दोन्ही कोपऱ्यांना असं केलं की पिशवी उलटवल्यावर तिला १० सेंमी खोलीचा तळ मिळतो.

पण हा तळ फुकट मिळत नाही. दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंमी आत गेल्यामुळे तळाची रुंदी ३६ वरून २६ वर येते. उंचीतूनही पाच सेंमी जातात, ३२ ची २७ होते. म्हणजे ३६ हा आकडा फक्त तोंडाशी खरा आणि १० हा फक्त बुडाशी. तोंडाची चेन लावली की तिथली खोली जवळजवळ शून्य होते आणि बाजूने पाहिलं तर पर्स समोशासारखी त्रिकोणी दिसते.

हिशेब करून पाहिला तर फरक चांगलाच टोचतो. ३६ × २७ × १० चा खोका असता तर त्यात पावणेदहा लिटर पाणी मावलं असतं. तळाशी रुंद आणि वर मिटत जाणाऱ्या या पर्सच्या बाजू सरळ धरल्या, तर चेन लावल्यावर आतली जागा भरते साधारण चार लिटर. कापड फुगतं, कुशी बाहेर येतात, म्हणून प्रत्यक्षात ती थोडी वाढते. पण पावणेदहाच्या जवळपासही जात नाही. बाटली तिरकी का होते, याचं उत्तर इथेच आहे. खाली तिला पाय टेकायला हवी तेवढी जागा मिळते, पण वर जाता जाता दोन्ही भिंती जवळ येतात आणि तिचं डोकं एका बाजूला ढकलतात.

डब्याचं दुखणं वेगळं. नेहमीचा आयताकृती डबा साधारण १८ × १२ × ६ सेंमी भरतो. तो आडवा ठेवायचा तर तळाला किमान १२ सेंमी खोली लागते. दहाच्या तळावर तो कुशीवर उभाच राहणार, आणि डब्यात आमटी असेल तर झाकणाच्या रबरावर किती भरवसा ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. डबा नेणाऱ्या बाईने म्हणूनच रुंदी-उंची मागाहून पाहावी, आधी तळाची खोली पाहावी. वर्णनात हा आकडा बहुधा शेवटी असतो आणि सर्वांत लहान असतो, त्यामुळे तो नजरेतून निसटतो.

ही झाली बाहेरची मापं. आतली त्याहून कमी. रेक्झिन, मधला फोम आणि अस्तर मिळून एकेक भिंत पाऊण सेंमीपर्यंत जाड होऊ शकते. शिवाय आत वळवलेल्या शिवणी असतात. साध्या पर्समध्ये प्रत्येक मापातून एक ते दीड सेंमी सहज वजा होतो. छत्तीसातून दीड गेला तर काही बिघडत नाही. दहातून दीड गेला की साडेआठ उरतात. साडेसात सेंमी व्यासाची स्टीलची बाटली मग तळाची जवळजवळ सगळी खोली व्यापते आणि डबा तिच्या पुढे-मागे नाही, फक्त शेजारी ठेवता येतो. फोम जितका जाड तितकी पर्स फोटोत देखणी आणि आतून तितकीच अरुंद.

तोंडाचं माप तर वर्णनात जवळजवळ कधीच नसतं. चेन दोन्ही कडांपर्यंत जात नाही. प्रत्येक बाजूला दोन-अडीच सेंमी शिवणीत जातात. छत्तीसच्या पर्सचं तोंड प्रत्यक्षात ३१ उघडतं. ए-४ कागद २१ × २९.७ सेंमीचा, तो सरकतो. पण त्याच कागदाची प्लास्टिकची फाइल ३३-३४ सेंमी लांब असते. ती आडवी घालायला तोंड पुरत नाही. उभी घातली तर सत्तावीसच्या उंचीतून सहा-सात सेंमी बाहेर डोकावते आणि चेन अडते. लॅपटॉपचीही हीच गत. १४ इंची म्हणतात ते पडद्याच्या कर्णाचं माप. यंत्र स्वतः ३१-३२ सेंमी रुंद असतं. ‘१४ इंची लॅपटॉप मावतो’ असं लिहिणाऱ्याने तो आत घालून चेन लावून पाहिली होती की १४ इंच म्हणजे साडेपस्तीस सेंमी आणि पर्स छत्तीसची एवढंच पाहिलं होतं, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आता कप्पे. मराठीत लहान बटव्यापासून मोठ्या झोळीपर्यंत सगळ्याला ‘पर्स’च म्हणतात, तसंच विक्रीच्या वर्णनात मोबाइलच्या खिशापासून मुख्य पोटापर्यंत सगळ्याला ‘कप्पा’ म्हणतात. त्यामुळे ‘पाच कप्पे’ हा आकडा फार काही सांगत नाही. बहुतेकदा त्याचा अर्थ असा: मधल्या चेनच्या खणामुळे झालेले दोन भाग, तो खण स्वतः, मागच्या बाजूची चेन आणि आत अस्तरावर शिवलेला मोबाइलचा खिसा. झाले पाच.

यातला मधला खण सर्वांत जास्त फसवतो. कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून तो हवासा वाटतो, पण कप्पा जागा वाढवत नाही, असलेली जागा वाटून घेतो. साडेआठ सेंमीच्या आतल्या तळावर मधोमध पडदा आला की प्रत्येक बाजूला जेमतेम चार सेंमी. त्यात बाटली नाही, डबा नाही, जाड चश्म्याचं घरही नाही. तरी हे सगळं त्यात जातं, कारण पडदा कापडाचा असतो आणि पलीकडे सरकतो. म्हणजे एका कप्प्यात बाटली ठेवली की दुसरा कप्पा कागदावरच उरतो.

पडदे दोन प्रकारचे असतात, आणि फोटोत ते ओळखता येतात. एक प्रकार बाजूच्या शिवणीत वरपासून खालपर्यंत पक्का शिवलेला. तो हलत नाही. दुसरा फक्त वरच्या बाजूने लटकवलेला, खालून मोकळा. लांब वस्तू त्याच्याखालून आडवी सरकवता येते. वरून काढलेल्या फोटोत पडद्याच्या कडा बाजूच्या अस्तरात शिरलेल्या दिसतात का, ते पाहावं. आतला फोटोच दिलेला नसेल तर तो मागावा. जो विक्रेता अस्तर दाखवत नाही त्याच्या पर्सचं अस्तर बहुधा दाखवण्याजोगं नसतं.

खिशाचं मापही थोडं समजून घ्यायला हवं. अस्तरावर सपाट शिवलेल्या खिशात वस्तूची रुंदी आणि जाडी दोन्ही मावावी लागतात. कव्हर घातलेला मोठा मोबाइल आठ सेंमी रुंद आणि एक सेंमी जाड असेल, तर खिसा नऊच्या वर हवा. साडेआठचा खिसा ‘मोबाइल पॉकेट’ म्हणून दिसेल, पण धक्का देऊन मोबाइल बसवावा लागेल आणि गाडीत फोन वाजला की तो निघता निघणार नाही. पाचशेची नोट १५ सेंमी लांब असते. घडी न घालता नोटा ठेवायच्या तर आतल्या चेनचं तोंड सोळाच्या वर हवं. एटीएम कार्ड मात्र सगळीकडे एकाच मापाचं, साधारण साडेआठ बाय साडेपाच. ते कुठेही जातं आणि म्हणूनच कुठेही हरवतं.

आपल्याकडची जुनी चंची आठवून पाहावी. पान, सुपारी, चुन्याची डबी आणि तंबाखू यांच्यासाठी एकेक कप्पा, गुंडाळी करून दोरीने बांधायची. तिचे कप्पे आतल्या वस्तू समोर ठेवून बेतलेले असत. आजच्या पर्सचं उलट आहे. आधी बाहेरचा आकार ठरतो, तो फोटोत बरा दिसला की मग कप्पे बसवले जातात.

पट्ट्याकडे वळायचं तर ‘स्ट्रॅप ड्रॉप’ म्हणजे पट्ट्याची लांबी नव्हे. पट्टा वर धरल्यावर त्याच्या सर्वांत उंच बिंदूपासून सरळ खाली पर्सच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे ड्रॉप. काही वर्णनांत लांबी लिहितात, काहींत ड्रॉप, आणि काहींत लांबीलाच ड्रॉप म्हणून मोकळे होतात. ‘ड्रॉप ६० सेंमी’ असं छोट्या खांद्याच्या पर्सखाली लिहिलेलं दिसलं तर ती पट्ट्याची लांबी आहे असं समजायला हरकत नाही. खरंच ६० चा ड्रॉप असता तर पर्स मांडीवर आपटली असती.

लांबीवरून ड्रॉप काढताना निम्मं करायचं आणि थोडं सोडायचं. पट्टा ६० सेंमीचा असेल आणि त्याच्या दोन कड्या एकमेकींपासून २० सेंमीवर असतील, तर खिळ्यावर टांगल्यावर ड्रॉप भरतो २८. विक्रेता मोजतो तो बहुधा असाच, एका बोटावर पट्टा ताणून. पण खांदा म्हणजे खिळा नाही. त्याला पुढून मागे जाडी असते आणि तेवढा पट्टा त्याच्यावरच पसरतो. दहा सेंमी खांद्यावर गेले की तोच ड्रॉप साडेचोवीसच्या आसपास येतो. थंडीत स्वेटर आला किंवा जाड ओढणी आली की आणखी कमी. वर्णनातला २८ आणि खांद्यावरचा २५ यांत खोटेपणा नाही, मोजायची जागा वेगळी आहे.

या तीन-चार सेंमींनी काय बिघडतं ते भरलेली पर्स खांद्याला लावल्यावरच कळतं. पर्सचं तोंड काखेच्या खाली यायला हवं आणि शिवाय हाताची जाडी मोकळी सुटायला हवी. ड्रॉप वीसच्या आत असेल तर रिकामी पर्स कशीबशी चढते, भरलेली चढत नाही. २० ते २२ मध्ये छोटी, पातळ पर्स काखेत नीट बसते. जाड पर्स मात्र कोपर बाहेर ढकलते आणि बाई दिवसभर कमरेवर हात ठेवल्यासारख्या चालतात. दहा सेंमी तळाच्या रोजच्या पर्सला खांद्यावर पंचवीस तरी हवेत. तिसाच्या पुढे पर्स कमरेशी येते. हात घालायला सोयीची, पण गर्दीत ती आपल्या मागे कुठे गेली आहे ते आपल्यालाच कळत नाही. लेडीज डब्यात चढताना पर्स पोटाशी ओढून घ्यायची सवय असलेल्यांना त्यापेक्षा आडवा घालायचा पट्टा बरा. त्याचा ड्रॉप साधारण पन्नास ते साठ, म्हणजे पट्टा एकशेदहा ते एकशेतीसच्या घरात, आणि तो कमी-जास्त करता येणारा असावा. अशा पट्ट्याचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे दिलेले हवेत. नुसतं ‘ॲडजस्टेबल’ म्हणून भागत नाही.

स्वतःसाठी किती ड्रॉप हवा, हे मोजायला परकराची नाडी पुरते. नाडीच्या दोन्ही टोकांना मिळून किल्ल्यांचा जुडगा बांधायचा, नाडी खांद्यावर टाकायची आणि जिथे पर्सचं तोंड यावंसं वाटतं तिथे जुडगा येईल अशी गाठ सरकवायची. मग आरशासमोर उभं राहून खांद्याच्या वरच्या कडेपासून जुडग्यापर्यंत सरळ टेप लावायची. जो आकडा येईल त्यात तीन सेंमी मिळवून वर्णनातला ड्रॉप पाहायचा, कारण तो खिळ्यावरचा असतो.

आकड्यांच्या बाबतीत दोन घोटाळे वारंवार होतात. तीन आकडे कोणत्या क्रमाने लिहावेत याचा एकच रिवाज नाही. कुणी रुंदी-उंची-खोली लिहितं, कुणी रुंदी-खोली-उंची. दुसरं, एकाच पानावर वस्तूचं माप आणि पार्सलचं माप अशा दोन ओळी असतात. पार्सलमध्ये पर्स चपटी करून भरलेली असल्याने तिथली खोली चार-पाच सेंमीच दिसते. दहाची पर्स पाचची समजून चांगली वस्तू सोडून दिल्याची उदाहरणंही त्यामुळे घडतात. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत, जिथे आकार महत्त्वाचा असेल तिथे वस्तूची मापं द्यावीत अशी तरतूद आहे. पण पर्सचं पोट आतून मोजून सांगायला लावेल इतक्या खोलात ती जात नाही.

घरी खणाच्या किंवा इरकलीच्या पिशव्या शिवून व्हॉट्सॲपवर विकणाऱ्या कितीतरी बायका आज महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या हाती इथे मोठ्या दुकानांपेक्षा जास्त आहे, कारण पिशवी त्यांनीच बेतलेली असते. सुरुवातीच्या त्याच पर्सचं वर्णन त्यांनी असं लिहिलं तर? ‘तोंडाशी रुंदी ३६, तळ २६ × १०, उंची २७. आतून तळ साडेचोवीस × साडेआठ. चेन उघडल्यावर तोंड ३१. पट्टा खांद्यावर घालून मोजला, ड्रॉप २५. मधला खण वरून लटकवलेला आहे, खालून मोकळा. आम्ही भरून पाहिलं ते असं: अर्ध्या लिटरची बाटली, पाच घडीची छत्री, चश्म्याचं घर, पाकीट, मोबाइल, किल्ल्या, चेन लागते. डबा घातला तर उभा राहतो. एक लिटरची बाटली, ए-४ फाइल आणि लॅपटॉप यात जात नाही.’

‘जात नाही’ हे शब्द लिहायला विक्रेत्याचा हात अडखळतो. पण परत आलेल्या पार्सलचा खर्च, चुरगळलेलं अस्तर आणि दोन दिवसांची व्हॉट्सॲपवरची हुज्जत ज्यांनी सोसली आहे, त्या हे लिहू लागतात. फोटोत बोळे भरण्याऐवजी याच सहा वस्तू भरून, चेन लावून आणि पर्सशेजारी एक स्टीलचं फुलपात्र ठेवून फोटो काढला, की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

ठाण्याच्या त्या बाईंचं काय झालं असेल? बहुधा पर्स परत गेली नसावी. तीन घडीची, सव्वीस सेंमी लांब छत्री ऑफिसच्या खणात राहायला गेली असेल, लिटरच्या बाटलीच्या जागी अर्ध्या लिटरची आली असेल, आणि डब्यासाठी दुसऱ्या हातात एक कापडी पिशवी.